मुक्कामी सहलीचे पालकांना पत्र: माहिती, खर्च आणि संमती यांचा योग्य क्रम

मुक्कामी सहलीच्या बाबतीत शाळांकडून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक ही, की पत्र आधी निघते आणि बेत नंतर ठरतो. "इयत्ता नववीची सहल वेरूळ-अजिंठा येथे जाणार असून रक्कम शनिवारपर्यंत जमा करावी" एवढ्या मजकुरावर पालक सही करून देतात. पुढे मुक्कामाची जागा बदलते, एसटीऐवजी खासगी बस ठरते, एखादे ठिकाण वाढते, आणि पालकांनी ज्या सहलीला होकार दिला तिचा प्रत्यक्ष सहलीशी मेळ राहत नाही. संमती ही एका ठरावीक बेताला दिलेली असते, त्यामुळे बेतातील तपशील जेवढा ढिला, तेवढी त्याखालची सहीही ढिली असते.

पुढील टप्पे मुख्याध्यापक आणि सहलप्रमुख शिक्षक यांच्यासाठी आहेत. उदाहरण म्हणून पुणे शहरातील एका माध्यमिक शाळेची दोन मुक्कामांची सहल घेतली आहे: नववीचे ३८ विद्यार्थी, चार शिक्षक (त्यांपैकी दोन शिक्षिका) आणि एक सेवक. गुरुवारी पहाटे निघून दुपारी दौलताबाद, शुक्रवारी अजिंठा, शनिवारी सकाळी वेरूळ आणि त्याच दिवशी परत, असा बेत आहे. रकमांचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते आहेत. दर त्या त्या वेळी विचारूनच घ्यावेत.

## टप्पा १: पत्राला हात घालण्यापूर्वी पक्क्या करायच्या गोष्टी

प्रथम ठिकाणांचे वार आणि वेळा तपासाव्यात. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची लेणी मंगळवारी. रविवारची सुट्टी धरून रविवार ते मंगळवार अशी सहल आखणाऱ्या शाळेला सोमवारी अजिंठा किंवा मंगळवारी वेरूळ बंद मिळते, आणि ही गोष्ट लक्षात येईपर्यंत पत्रे घरोघरी पोहोचलेली असतात. आपल्या उदाहरणात गुरुवार ते शनिवार हे दिवस याच कारणाने घेतले आहेत.

त्यानंतर वाहन. एसटीच्या आगारात नैमित्तिक करारावर बस मिळते आणि शालेय सहलीसाठी भाड्यात ५० टक्के सवलत असते. आगाराकडून लेखी अंदाज घ्यावा आणि तो घेताना संपूर्ण मार्ग ठिकाणांसह लिहून द्यावा. केवळ "पुणे ते अजिंठा" असे तोंडी सांगितल्यास दौलताबाद, वेरूळ आणि मुक्कामाच्या ठिकाणच्या फेऱ्यांचे किलोमीटर हिशेबात धरले जात नाहीत, आणि तो फरक शेवटी कोणाच्या तरी खिशातून जातो.

मुक्कामाची जागा शिक्षकांपैकी एकाने शक्यतो प्रत्यक्ष पाहावी. मुलींच्या आणि मुलांच्या खोल्या वेगळ्या मजल्यांवर किंवा वेगळ्या बाजूंना आहेत का, शिक्षिकांची खोली मुलींच्या खोल्यांना लागून आहे का, स्वच्छतागृहाकडे जाण्यासाठी रात्री बाहेर पडावे लागते का, आणि त्याच इमारतीत इतर पाहुणे उतरणार आहेत का, हे चार प्रश्न पालक बैठकीत हमखास विचारतात. "व्यवस्था चांगली आहे" हे त्यांचे उत्तर होत नाही.

सर्वांत शेवटी परवानगीचा क्रम. शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे पाठवायच्या प्रस्तावाला पालकांची संमतीपत्रे जोडावी लागतात. म्हणून संमती आधी, प्रस्ताव त्यानंतर आणि पैसे सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. पत्रातही तसे स्पष्ट लिहावे: "शिक्षण विभागाची लेखी परवानगी मिळाल्यानंतरच सहल शुल्क स्वीकारले जाईल. त्यापूर्वी कोणीही रक्कम देऊ नये."

तपासणी: वार, मार्ग, वाहन, मुक्कामाचे नाव व पत्ता आणि सोबतच्या शिक्षकांची नावे या पाचही गोष्टी कागदावर उतरल्या नसतील, तर पत्र लिहायला बसू नये.

## टप्पा २: खर्चाचा तक्ता

पालकांचा सर्वाधिक अविश्वास येथे निर्माण होतो, आणि तो बहुधा रकमेमुळे नसून रकमेची फोड न दिल्यामुळे होतो. फोड करताना खर्चाचे दोन भाग वेगळे ठेवावेत. पहिला भाग मुले कमी-जास्त झाली तरी न बदलणारा, म्हणजे मुख्यतः बस. दुसरा भाग प्रत्येक मुलामागे लागणारा, म्हणजे जेवण, निवास आणि तिकिटे.

समजा, बसचा लेखी अंदाज ३१,५०० रुपये आला. ही रक्कम ३८ मुलांमध्ये वाटली तर प्रत्येकी सुमारे ८२९ रुपये होतात. परंतु आयत्या वेळी दोन-तीन मुले आजारपणाने किंवा घरच्या अडचणीने गळतात आणि मग उरलेल्यांकडून पुन्हा पैसे मागण्याची वेळ येते. त्याऐवजी ३५ मुले धरून भागावे, म्हणजे प्रत्येकी ९०० रुपये येतील, आणि सर्व ३८ मुले आली तर शिल्लक राहणारे २,७०० रुपये परत केले जातील, असे पत्रातच लिहावे. दुसऱ्यांदा पैसे मागण्यापेक्षा थोडे परत करणे केव्हाही चांगले.

प्रत्येक मुलामागचा खर्च असा: निवास दोन रात्रींचे ४०० रुपये, चार जेवणे प्रत्येकी १२० प्रमाणे ४८० आणि दोन न्याहाऱ्या प्रत्येकी ५० प्रमाणे १०० रुपये, अजिंठ्याच्या पायथ्याची बस व वाहनतळ यांसाठी १२० रुपये. गुरुवारी दुपारचा डबा घरून आणायचा आहे, म्हणून तो यात नाही. बसचे ९०० मिळवून, तिकीट सोडून, एकूण २,००० रुपये होतात.

दोन बाबी बहुतेक तक्त्यांतून सुटतात. पहिली म्हणजे अजिंठ्याला आपली बस थेट लेण्यांपर्यंत जात नाही. ती फर्दापूरजवळच्या तिठ्यावर थांबवावी लागते आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर तेथील वेगळ्या बसने जावे लागते, जिचे भाडे वेगळे असते. दुसरी म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांमध्ये १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. नववीच्या वर्गात काहींना पंधरा वर्षे पूर्ण झालेली असतात आणि काहींना नसतात. सर्वांकडून सरसकट तिकिटाचे पैसे घेतले, तर अर्ध्या वर्गाचे पैसे विनाकारण घेतले जातात. म्हणून तिकीट तक्त्यात वेगळ्या ओळीत दाखवावे, ते कोणाला लागेल हे जनरल रजिस्टरमधील जन्मतारखेवरून ठरवावे आणि वयाच्या पुराव्यासाठी शाळेचे ओळखपत्र सोबत ठेवावे.

शिक्षकांचा आणि सेवकाचा खर्च कोण करणार, हेही तक्त्यात असावे. तो शाळा करणार असेल तर तसे लिहावे, आणि मुलांच्या रकमेत धरला असेल तर तेही न लपवता लिहावे. काही शाळांना हे लिहिणे अवघड वाटते, पण पालक हा हिशेब घरी बसून करतातच.

परताव्याचा नियम या फोडीतूनच आपोआप निघतो. निघण्याच्या आठ दिवस आधीपर्यंत नाव मागे घेतल्यास पूर्ण रक्कम परत. त्यानंतर बसचा वाटा वगळून निवास आणि जेवण यांपैकी जेवढे रद्द करता आले तेवढे परत. शिक्षण विभागाने परवानगी नाकारल्यास किंवा शाळेनेच सहल रद्द केल्यास पूर्ण परत. "कोणत्याही परिस्थितीत रक्कम परत मिळणार नाही" ही ओळ काढून टाकावी, कारण न झालेल्या जेवणाचे पैसे ठेवून घेण्याला कोणताही आधार नाही.

इशारा: सोबत किती खर्चाची रक्कम द्यायची याची कमाल मर्यादा लिहावी. मर्यादा नसली की ज्या घराला परवडत नाही ते घरही उसने घेऊन मुलाच्या हातात पैसे देते.

## टप्पा ३: सुरक्षिततेचा मजकूर

या भागात "मुलांची पूर्ण काळजी घेतली जाईल" असे एक वाक्य पुरत नाही. प्रत्येक ठिकाणचा खरा धोका आणि त्यावर शाळा काय करणार, हे जोडीने लिहावे. आपल्या उदाहरणासाठी असे लिहिता येईल:

"दौलताबाद किल्ल्याची चढण उभी असून वाटेत पूर्ण अंधारी असलेला भुयारी मार्ग लागतो. ज्या विद्यार्थ्यांना दम्याचा त्रास आहे, चढण झेपत नाही किंवा अंधाराची भीती वाटते, ते विद्यार्थी एका शिक्षकासह खालच्या भागात थांबतील. अजिंठा येथे वाघूर नदीच्या पात्रात किंवा काठावर कोणालाही उतरू दिले जाणार नाही. लेणी परिसरात आणि किल्ल्यावर आग्या मोहोळ असू शकते, त्यामुळे विद्यार्थ्यांनी अत्तर किंवा सुगंधी फवारे आणू नयेत. मधमाशीच्या दंशाची अॅलर्जी असल्यास सोबतच्या आरोग्यपत्रात आवर्जून नोंद करावी."

असा मजकूर वाचल्यावर पालक घाबरतील आणि मुलांना पाठवणार नाहीत, अशी शंका घेतली जाते. प्रत्यक्षात ज्याला दमा आहे त्या मुलाची आई हे वाचूनच शाळेत येते आणि पंप कोणत्या खिशात ठेवायचा, धाप लागल्यावर तो किती वेळा द्यायचा हे सांगून जाते. ही माहिती शिक्षकाला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही.

देखरेखीची मांडणी नावांनिशी द्यावी. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक धरून गट करावेत आणि कोणता गट कोणाकडे आहे ते पालकांना कळवावे. ३८ मुलांसाठी चार गट होतात. मुली असलेल्या सहलीत शिक्षिका असलीच पाहिजे, आणि तिच्या सोबतीला दुसरी असावी, कारण एखादी मुलगी आजारी पडून दवाखान्यात न्यावी लागली तर मुक्कामाच्या ठिकाणी कोण थांबणार, हा प्रश्न उरतो. मोजणी केव्हा होणार (बसमध्ये चढताना, प्रत्येक ठिकाण सोडताना, रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी), रात्री खोल्यांची पाहणी कोण करणार आणि रात्रीचा प्रवास होणार नाही, हे तीन वाक्यांत लिहावे.

संपर्कासाठी सहलप्रमुखांचा क्रमांक द्यावाच. त्याशिवाय शाळेत थांबलेल्या आणि यादी हाताशी असलेल्या एका व्यक्तीचाही क्रमांक द्यावा, कारण किल्ल्यावर आणि घाटात मोबाइलला रेंज नसण्याची शक्यता असते. मुलांना मोबाइल आणू द्यायचा नसेल, तर त्याच्या बदल्यात रोज रात्री ठरलेल्या वेळी पालकांच्या गटावर संदेश येईल असे लिहावे आणि तो त्या वेळेला पाठवावा. आपत्कालीन मदतीचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक विद्यार्थ्याच्या ओळखपत्राच्या मागे चिकटवावेत.

## टप्पा ४: संमतीपत्राची शब्दरचना

संमतीपत्र माहितीपत्रापासून वेगळे, फाडून परत देता येईल असे असावे, आणि माहितीचा भाग पालकांकडेच राहावा. सर्व एकाच कागदावर छापून तो कागद परत घेतला, तर सहलीच्या दिवशी पालकांकडे पत्ता, वेळ, फोन यांपैकी काहीच उरत नाही.

येथील सर्वांत मोठी चूक म्हणजे "सहलीत काही अपघात झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही" हे वाक्य. या वाक्याने शाळेचे कर्तव्य संपत नाही. १९९५ मध्ये एका शाळेच्या सहलीतील १४ मुले बियास नदीत बुडाली होती, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची नुकसानभरपाई कायम ठेवली. सोबत असलेल्या शिक्षकांवर मुलांची काळजी घेण्याची जबाबदारी असते, आणि पालकांच्या सहीने ती पालकांकडे परत जात नाही. उलट हे वाक्य वाचून पालकांना वाटते की शाळा आधीच हात झटकत आहे. त्या जागी शाळा काय करील आणि पालक कशाला संमती देत आहेत, हे लिहावे.

दुसरी चूक म्हणजे सर्व संमती एकाच सहीत गुंडाळणे. सहलीला पाठवणे, तातडीचे वैद्यकीय उपचार आणि छायाचित्रे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पालक पहिल्या दोन्हींना होकार देऊन तिसरीला नकार देऊ शकतात. नमुना असा:

> मी माझ्या पाल्याच्या सहलीविषयीचे माहितीपत्र वाचले आहे / मला वाचून दाखवण्यात आले आहे.
>
> १. माहितीपत्रात दिलेल्या मार्गाने, तारखांना व मुक्कामाच्या ठिकाणी माझ्या पाल्याला पाठवण्यास माझी संमती आहे / नाही.
>
> २. तातडीच्या प्रसंगी माझ्याशी संपर्क होऊ न शकल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार आवश्यक उपचार करण्यास सहलप्रमुखांना माझी संमती आहे / नाही. संपर्काचे प्रयत्न सुरूच ठेवावेत.
>
> ३. पाल्याची छायाचित्रे शाळेच्या फलकावर लावण्यास आहे / नाही. समाजमाध्यमांवर टाकण्यास आहे / नाही.
>
> ४. परतल्यावर पाल्याला नेण्यासाठी येणारी व्यक्ती: नाव, नाते, फोन.
>
> पालकाचे नाव, नाते, सही, तारीख.

"नाही" हा पर्याय छापलेला असणे फार महत्त्वाचे आहे. नुसते "माझी संमती आहे" एवढेच छापले, तर ज्या पालकांना पाठवायचे नाही ते कागदच परत करत नाहीत, आणि कागद हरवला आहे की नकार आहे, हे शाळेला कळत नाही. सहलीला न येणाऱ्या मुलांचे वर्ग त्या दिवसांत नेहमीप्रमाणे भरतील, हे वाक्यही पत्रात असावे, म्हणजे पैशाअभावी न पाठवणाऱ्या पालकाला कारण सांगत बसावे लागत नाही.

## टप्पा ५: आरोग्यपत्र

हे संमतीपत्राबरोबर, पण बंद पाकिटात मागवावे. अपस्मार, दमा, अॅलर्जी, नियमित औषधे, बस लागणे, झोपेत चालणे किंवा अंथरूण ओले होणे या गोष्टी वर्गशिक्षकांच्या टेबलावर उघड्या पडलेल्या कागदावर कोणी लिहीत नाही. पाकीट सहलप्रमुख आणि त्या गटाचे शिक्षक यांच्याशिवाय कोणी उघडणार नाही, असे पत्रात लिहावे. मुलींसाठी सॅनिटरी पॅड शिक्षिकांकडे उपलब्ध असतील, ही ओळही येथेच द्यावी.

औषधांबाबत नियम एकच ठेवावा: औषध मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मुलाचे नाव लिहून शिक्षकांकडे द्यावे. दम्याचा पंप मात्र मुलाजवळच राहील. पंप शिक्षकांच्या बॅगेत आणि बॅग बसमध्ये राहिली, तर किल्ल्यावर त्याचा उपयोग नाही.

## टप्पा ६: वाटप आणि परत आलेल्या कागदांची छाननी

सहल निघण्याच्या किमान चार आठवडे आधी पत्र द्यावे आणि संमतीसाठी एक आठवडा ठेवावा. मुलाच्या हाती कागद, पालकांच्या गटावर त्याचेच छायाचित्र, आणि त्या आठवड्यात एक पालक बैठक, अशा तिन्ही मार्गांनी पत्र पोहोचवावे. गटावरील "हो, पाठवतो" हा संदेश संमती धरू नये. सही केलेलाच कागद घ्यावा.

कागद परत आल्यावर सही प्रगतिपुस्तकातील सहीशी ताडून पाहावी. सहलीला जाण्याची उत्सुकता असलेले मूल घरी विषय काढण्याऐवजी स्वतःच सही करते, आणि हे नववी-दहावीत अधिक घडते. शंका आल्यास मुलाला चारचौघांत न विचारता घरी फोन करावा.

ग्रामीण भागात आणखी एक अडचण ठरलेली असते. सहलींचा हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, आणि नेमक्या याच काळात ऊसतोडीला गेलेले आई-वडील कारखान्याच्या पट्ट्यात असतात. मूल आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात असते. अशा वेळी आजोबांचा अंगठा घेऊन मोकळे होऊ नये. आई किंवा वडिलांना फोन करून संपूर्ण पत्र वाचून दाखवावे, त्यांचा होकार किंवा नकार, तारीख, वेळ आणि फोन क्रमांक संमतीपत्रावर नोंदवावा, घरी असलेल्या नातेवाइकांची सही घ्यावी आणि दुसऱ्या शिक्षकाने साक्षीदार म्हणून सही करावी. शक्य असल्यास त्यांनी सही केलेल्या कागदाचे छायाचित्रही मागवावे. वाचता न येणाऱ्या पालकांच्या अंगठ्यासोबत "वाचून दाखवले" अशी नोंद आणि वाचणाऱ्याचे नाव हवेच.

तपासणी: हजेरीपटातील प्रत्येक नावासमोर संमती, नकार किंवा उत्तर नाही यांपैकी एक खूण असावी. उत्तर नाही याचा अर्थ होकार होत नाही.

## टप्पा ७: बेत बदलल्यास

पत्र गेल्यानंतर फोन क्रमांक किंवा निघण्याची वेळ अर्ध्या तासाने बदलली, तर कळवणे पुरेसे आहे. मुक्कामाची जागा, वाहनाचा प्रकार, तारीख, ठिकाण किंवा सोबतची शिक्षिका बदलली, तर नवी संमती घ्यावी. त्यासाठी संपूर्ण पत्र पुन्हा छापण्याची गरज नाही. "पूर्वीच्या पत्रातील मुक्काम अमुक होता, तो आता अमुक आहे, कारण अमुक, या बदलास संमती आहे / नाही" असे चार ओळींचे पूरक पत्र पुरते. परवानगीचा प्रस्ताव आधीच गेला असेल, तर हा बदल शिक्षणाधिकारी कार्यालयालाही लेखी कळवावा.

निघण्याच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्यांची यादी, संमतीपत्रे आणि आरोग्यपत्रे यांचे दोन संच करावेत. एक सहलप्रमुखांच्या खांद्यावरील पिशवीत राहील, बसच्या डिकीत नाही; दुसरा शाळेत राहील. परतल्यावर बस शाळेच्या आवारातच थांबवावी आणि संमतीपत्रात नाव असलेल्या व्यक्तीच्या ताब्यातच मूल द्यावे. वाटेत घर लागते म्हणून चौकात कोणालाही उतरवू नये. शेवटच्या मुलाचे पालक येईपर्यंत सहलप्रमुख आणि एक शिक्षिका शाळेत थांबतील, हे माहितीपत्रातच लिहून ठेवावे. खर्चाचा अंतिम हिशेब पावत्यांसह आठ दिवसांत सूचनाफलकावर लावावा आणि शिल्लक रक्कम सही घेऊन परत करावी.